पंधरवड्याचा हिशेब: वजन हळू उतरते आहे असे दिसते तेव्हा कॅलरी किती कमी कराव्यात?

प्रश्न: मी दीड वर्ष रोज सकाळी वजन करतो आणि खाल्लेले सगळे तोलून ॲपमध्ये भरतो. वय ४१. सध्याची उतरण सुरू होऊन दहा आठवडे झाले. लक्ष्य आठवड्याला ०.५ किलो, त्यासाठी रोज १९०० कॅलरी. गेल्या चार आठवड्यांची सरासरी वजने ८५.१, ८४.५, ८४.२ आणि ८३.८. म्हणजे या पंधरवड्यात ८४.२ वरून ८३.८, एकूण ०.४ किलो, आठवड्याला फक्त ०.२. उरलेल्या ०.३ साठी रोज ३३० कॅलरी कमी कराव्या लागतील असे गणित येते. ॲपमधली खाण्याची सरासरी आधीच्या पंधरवड्यात १९२० आणि या पंधरवड्यात १९८० होती. थेट १५७० वर जाऊ का?

उत्तर: १५७० वर जाऊ नका, आणि तूर्त १९०० हा आकडाही बदलू नका. तुमच्या नोंदी उत्तम आहेत. चूक हिशेबात आहे, आणि ती अनुभवी मंडळींकडून इतक्यांदा होते की हल्ली कोणी पंधरवड्याचा आकडा सांगितला की मी आधी तो कसा काढला ते विचारतो.

तुम्ही चौथ्या आठवड्याची सरासरी तिसऱ्या आठवड्याच्या सरासरीतून वजा केली आणि आलेल्या ०.४ ला दोनाने भागले, कारण पंधरवडा म्हणजे दोन आठवडे. पण आठवड्याची सरासरी ही त्या आठवड्याच्या मधल्या दिवसाच्या वजनासारखी असते. तिसऱ्या आठवड्याचा मधला दिवस आणि चौथ्याचा मधला दिवस यांत अंतर सातच दिवसांचे आहे. म्हणून ते ०.४ किलो एका आठवड्यातले आहेत आणि त्यांना दोनाने भागण्याचे कारण नाही. चौदा दिवसांतला बदल हवा असेल तर आधीच्या पंधरवड्याच्या शेवटच्या सात दिवसांची सरासरी आणि या पंधरवड्याच्या शेवटच्या सात दिवसांची सरासरी अशी जोडी घ्यावी लागते. तुमच्या बाबतीत ती ८४.५ आणि ८३.८ अशी आहे. फरक ०.७, आठवड्याला ०.३५ किलो. तुमच्या भीतीइतका हा वेग कमी नाही, तरी लक्ष्यापेक्षा ०.१५ ने कमी आहेच, म्हणून पुढचा हिशेब करून पाहू.

एक किलो चरबीच्या ऊतीमागे सुमारे ७७०० कॅलरी धरतात. म्हणजे आठवड्याला एक किलो म्हणजे रोज ११०० कॅलरी, आणि ०.१ किलोचा फरक म्हणजे रोज ११० कॅलरी. हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण ३३० चा आकडा तुम्ही त्यातूनच काढला आहे. दुसरी चूक त्यापुढची आहे. तुम्ही ३३० वजा केले ते १९०० मधून, पण या पंधरवड्यात तुम्ही १९०० खाल्लेलेच नाहीत. तुमच्याच नोंदीनुसार तुम्ही १९८० खाल्ले. वजन प्रत्यक्ष पोटात गेलेल्या अन्नाला उत्तर देते, ॲपमध्ये ठरवून ठेवलेल्या आकड्याला नाही, त्यामुळे हिशेबाची सुरुवात नेहमी खाल्लेल्या सरासरीपासून व्हायला हवी.

आता या पंधरवड्याचा रोजचा खर्च काढू. खाल्ले १९८०, आणि आठवड्याला ०.३५ किलो उतरले म्हणजे रोज सुमारे ३८५ शरीराच्या साठ्यातून गेले. दोन्ही मिळून खर्च २३६५. आठवड्याला अर्धा किलो हवा असेल तर रोजची तूट ५५० हवी, म्हणून खाणे १८१५. हीच रीत चारही आठवड्यांना लावू. ८५.१ ते ८३.८ म्हणजे १.३ किलो, पण मधल्या दिवसांतले अंतर २१ दिवसांचे, म्हणून वेग आठवड्याला ०.४३. चार आठवड्यांची खाण्याची सरासरी १९५०, तूट सुमारे ४७५, खर्च २४२५ आणि लक्ष्यासाठीचे खाणे १८७५. (काटेकोरपणे पाहिले तर खाण्याची सरासरीही मधल्या दिवसापासून मधल्या दिवसापर्यंतच घ्यायला हवी. तुमचे खाणे इतके सपाट आहे की त्याने दहा-वीस कॅलरींपलीकडे फरक पडणार नाही.) एकच माणूस आणि त्याच नोंदी, पण तुमच्या हिशेबाने १५७० आणि नीट मांडल्यावर १८१५ ते १८७५. आकड्यातली ही अडीचशे ते तीनशे कॅलरींची घसरण केवळ मांडणीतून आलेली आहे.

मग १८१५ घ्यायचे की १८७५? इथे काट्याचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. रोज सकाळी शौचानंतर, काही न खाता-पिता वजन केले तरी बहुतेकांचे वजन मूळ उताराच्या आसपास साधारण अर्धा किलो वर-खाली होत राहते. सात दिवसांची सरासरी घेतली की ही हेलकावणी बरीच दबते, तरी दोन आठवड्यांच्या सरासऱ्यांमधल्या फरकात पाव किलोच्या आसपास चूक राहून जाते. त्या दोन आठवड्यांत सातच दिवसांचे अंतर असेल तर हीच चूक रोजच्या सुमारे ३०० कॅलरींइतकी होते. अंतर चौदा दिवसांचे असेल तर ती सुमारे १५० वर येते आणि एकवीस दिवसांचे असेल तर सुमारे १०० वर. तुम्ही ज्या ३३० कॅलरी कापायला निघाला होता, त्या जवळजवळ पूर्णपणे या हेलकाव्यातल्याच असू शकतात. शिवाय पाण्याने चढलेले वजन एका दिवसात चढून दुसऱ्या दिवशी उतरत नाही, ते तीन-चार दिवस रेंगाळते, त्यामुळे प्रत्यक्षातली चूक वरच्या आकड्यांपेक्षा थोडी जास्तच धरावी.

यावरून मी स्वतःपुरती एक रीत बसवली आहे. हिशेब दर पंधरवड्याला करावा, पण एकाच पंधरवड्याच्या पुराव्यावर पूर्ण दुरुस्ती करू नये. लक्ष्य आणि प्रत्यक्ष यांतली तफावत आठवड्याला ०.१५ किलोच्या आत असेल तर काहीही बदलायचे नाही. त्याहून जास्त असेल आणि ती पहिल्यांदाच दिसत असेल तर गणिताने येणाऱ्या दुरुस्तीच्या निम्मीच करायची. लागोपाठ दोन पंधरवडे ती एकाच दिशेने दिसली तर चार आठवड्यांच्या नोंदींवर नव्याने हिशेब करून दुरुस्ती पूर्ण करायची. वजन लक्ष्यापेक्षा वेगाने उतरत असेल तेव्हाही नियम तोच आहे. मात्र तेव्हा खाणे वाढवायला कोणी तयार होत नाही आणि महिन्याभराने व्यायामात दम उरला नाही म्हणून तक्रार घेऊन येतो.

पंधरवड्याच्या या रीतीला एक मोठा अपवाद आहे आणि तो मी चूक करून शिकलो. माझ्याकडे येणाऱ्या एका बाई वहीत रोजचे वजन फार नेटकेपणाने लिहीत. त्यांचे वजन ६२ किलोच्या आसपास आणि लक्ष्य आठवड्याला ०.३५ किलो होते. पाळीनंतरच्या पहिल्या आठवड्याची सरासरी ६२.४ आली, दुसऱ्याची ६२.०, तिसऱ्याची ६२.३ आणि चौथ्याची पुन्हा ६२.४. मी दुसरा आणि चौथा आठवडा समोरासमोर ठेवले, वजन ०.४ ने वाढलेले दिसले, आणि रोजच्या २०० कॅलरी कापल्या. पुढच्या आठवड्यात पाळी आली आणि काटा झपाट्याने खाली आला. त्या पाचव्या आठवड्याची सरासरी ६१.१ निघाली. पहिला आणि पाचवा आठवडा पाळीच्या एकाच टप्प्यातले होते. त्यांच्यातला फरक १.३ किलो, म्हणजे आठवड्याला ०.३३ किलो. माझ्या कपातीचा त्यात वाटा फार तर शंभर ग्रॅमचा असेल. बाई पहिल्यापासून लक्ष्यावरच होत्या आणि मी त्यांची एक पोळी आणि संध्याकाळचे दाणे विनाकारण काढून घेतले होते.

अनेक स्त्रियांच्या शरीरात पाळीच्या आधीच्या दिवसांत पाणी धरून ठेवले जाते आणि पाळी सुरू झाल्यावर ते उतरते. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात चौदा दिवसांच्या अंतराने तुलना केली तर नेमके दोन विरुद्ध टप्पे समोरासमोर येतात, म्हणजे तुलनेसाठी याहून वाईट अंतर दुसरे निवडता येणार नाही. म्हणून ज्यांना हा चढउतार दिसतो त्यांनी प्रत्येक आठवड्याची तुलना चार आठवड्यांपूर्वीच्या आठवड्याशी करावी. चक्र लांब किंवा अनियमित असेल तर पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेल्या दिवसांवरून जोडी जुळवावी. दर पंधरवड्याला वहीकडे पाहायला हरकत नाही, पण हिशेब चार आठवड्यांचाच.

तुमच्याकडे हा प्रश्न नाही, तरी पाण्याचे इतर चढउतार आहेतच. स्नायू आणि यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहते. लग्नाच्या दोन पंगतींनी हा साठा तीनशे ग्रॅमने वाढला तर काट्यावर सव्वा किलोच्या जवळपास दिसते, आणि त्यात चरबी जेमतेम असते. हेच उलट दिशेने उपवासाला होते. एकादशीच्या दुसऱ्या सकाळी काटा खाली आलेला असतो आणि परवा परत वर जातो. एकादशी साधारण पंधरवड्याने येत असल्याने चौदा दिवसांच्या तुलनेत ती बहुतेकदा दोन्ही बाजूंना सारखीच पडते. संकष्टी मात्र महिन्यातून एकदाच येते, म्हणून ती एका आठवड्यात असते आणि जोडीच्या आठवड्यात नसते. क्रिएटिन नव्याने सुरू केले असेल, व्यायामाचा ताण एकदम वाढवला असेल किंवा आहार सुरू होऊन पहिलेच दोन आठवडे असतील, तर त्या काळातले वजन हिशेबातून सरळ वगळावे. तिथे ७७०० चा आकडा लागूच पडत नाही, कारण जे हलते आहे ते मुख्यतः पाणी असते.

आता नोंदींकडे येतो. तुमच्यासारख्या तोलून भरणाऱ्याच्या नोंदीतही चूक असतेच, आणि या रीतीची खुबी अशी की ती चूक कायम एकसारखी असेल तर चालते. तुम्ही पोळ्यांच्या कॅलरी रोज दहा टक्के कमी धरत असाल तर तुमचा खर्चही तेवढाच कमी निघतो, आणि त्यातून ठरवलेले खाणे तुमच्याच वहीच्या मापात बरोबर येते. म्हणून तुमचा २४२५ हा खर्च दुसऱ्याच्या आकड्याशी किंवा एखाद्या सूत्राशी जुळतो का हे पाहू नका. घोटाळा होतो तो चूक मध्येच बदलली की. स्वयंपाकाच्या बाई बदलल्या, ऑफिसचा डबा बंद होऊन मेसचा सुरू झाला, भात आधी तांदळाच्या वजनाने भरत होता आणि आता शिजलेल्या वजनाने भरता, पण ॲपमधली नोंद जुनीच निवडता, असे काही झाले की वेग मंदावल्याचा भास होतो, आणि प्रत्यक्षात खाणे वाढलेले असते.

यात तेलाची चूक सर्वांत महाग पडते आणि ती पकडायला सोपीही असते. एक लिटरच्या पिशवीत साधारण ९१० ग्रॅम तेल असते. पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा. समजा घरात जेवणारे दोघे आहेत आणि पिशवी सोळा दिवसांत संपली, तर दोघांत मिळून रोजचे ५७ ग्रॅम झाले. तुमच्या नोंदीत रोजचे १७ ग्रॅम असतील आणि घरातले दुसरे माणूस साधारण तुमच्याइतकेच खात असेल, तर दोघांचे ३४ होतात आणि २३ ग्रॅमचा हिशेब लागत नाही. तुमच्या वाट्याचे साडेअकरा ग्रॅम म्हणजे रोजच्या शंभराहून थोड्या जास्त कॅलरी. तळण करून टाकून दिलेले तेल यातून वजा करा. एका पिशवीचा आकडा दुसरीशी जुळला तर तुमची चूक कायमची आहे आणि तिला हात लावण्याची गरज नाही. आधीची पिशवी बावीस दिवस पुरली होती आणि ही सोळाच दिवस पुरली, तर मंदावलेल्या वेगाचे कारण तुम्हाला स्वयंपाकघरातच सापडले.

खर्चाच्या बाजूला पाहायची एकच गोष्ट आहे, ती म्हणजे रोजची पावले. काही आठवडे तुटीत राहिलेला माणूस नकळत कमी हलतो, आणि आपल्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की संध्याकाळचे फिरणे आपोआप बंद होते. तुमच्या वजनाच्या माणसाची रोजची तीन हजार पावले कमी झाली तर साधारण नव्वद ते शंभर कॅलरींचा खर्च घटतो. खाण्यातून शंभर कापण्याआधी घड्याळातली चार आठवड्यांची पावले पाहा, आणि घसरण दिसली तर आधी ती पावले परत आणा. त्याच घड्याळाने दाखवलेल्या ‘खर्च झालेल्या’ कॅलरी मात्र खाण्यात मिळवू नका. वजनाच्या उतारावरून काढलेल्या खर्चात तुमचे चालणे आणि व्यायाम आधीच आलेले आहेत, ते पुन्हा मिळवले तर एकच रक्कम दोनदा मोजली जाते.

लक्ष्याबद्दलही थोडे सांगतो. ८३.८ किलोवर अर्धा किलो म्हणजे वजनाच्या ०.६ टक्के, आणि आठवड्याला अर्धा ते एक टक्का या प्रचलित मर्यादेच्या तो खालच्या टोकाजवळ आहे. ७५ वर आल्यावर हाच टक्का धरला तर ०.४५ होतो. तेव्हाही अर्ध्याच किलोचा हट्ट धरलात तर दर पंधरवड्याचा हिशेब तुम्हाला खाणे कमी करायला सांगेल, आणि प्रत्यक्षात चुकलेले लक्ष्य असेल. वजन उतरते तसा खर्चही थोडा घटत जातो, म्हणून काही महिन्यांत एकूण शंभर-दीडशेची कपात होणे स्वाभाविक आहे. पण एका फेरीत १५० हून अधिक कापावेसे वाटले तर मी आधी लक्ष्याचा वेग कमी करून पाहतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा थायरॉइडच्या औषधाचा डोस नुकताच बदलला असेल, तर हा हिशेब डॉक्टरांना दाखवल्याशिवाय अमलात आणू नये.

तुमच्या पुढच्या पंधरवड्यात काय घडायला हवे ते आत्ताच लिहून ठेवा, म्हणजे नंतर आकडे पाहून मत बनवण्याचा मोह होणार नाही. तुमची तफावत ०.१५ च्या आत आहे, म्हणून आकडा १९०० च. बदल एवढाच की सरासरीही खरोखर १९०० ठेवायची. म्हणजे प्रत्यक्षात तुम्ही रोज ऐंशी कॅलरी कमी खाल. दोन्ही हिशेबांतला खर्च धरला तर वेग आठवड्याला ०.४२ ते ०.४८ यावा आणि सहाव्या आठवड्याची सरासरी ८२.८ ते ८३.० पडावी. ती ८३.१ आली तरी हात लावू नका. समजा नोंदीची सरासरी १९०० असूनही ती ८३.२ आली, तर दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंतचा हिशेब करा. ८४.५ ते ८३.२ म्हणजे अठ्ठावीस दिवसांत १.३ किलो, आठवड्याला सुमारे ०.३३. त्या चार आठवड्यांची खाण्याची सरासरी १९४०, खर्च सुमारे २३००, आणि अर्ध्या किलोसाठीचे खाणे १७५०. तेव्हा, पावले आणि तेलाची पिशवी तपासून झाल्यावर, १५० ची कपात पूर्ण करा आणि त्यानंतरचा पहिला आठवडा तुलनेत धरू नका.